आषाढातले पाच किलोमीटर

बल्लारपूरहून विसापूरमार्गे चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला उभे राहिले, तर धावणारी मुले दिसतात. बहुतेकांच्या डोक्यात भरती असते. वनरक्षकाच्या परीक्षेत मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर धावावे लागते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. याच विसापूरच्या क्रीडा संकुलात २०२३ च्या डिसेंबरअखेरीस राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, त्यामुळे भरतीपलीकडचे स्वप्न पाहणारी मुलेही आता या रस्त्यावर आहेत. सगळ्यांकडे घड्याळ असते आणि बऱ्याच जणांकडे वहीही असते. वहीत तारीख आणि वेळ एवढेच लिहिलेले असते.

ती वही जुलैत खोटे बोलू लागते. जानेवारीत जो मुलगा २२ मिनिटे ३० सेकंदांत ५ किलोमीटर धावला, तोच सहा महिने नेमाने सराव करून जुलैत २२ मिनिटे ५० सेकंद घेतो. वही म्हणते, तू मागे पडलास. खरोखर तो मागे पडला का, हे ठरवायची एक रीत आहे. रीत सोपी आहे, पण ती वापरण्याआधी धावणाऱ्या शरीरात काय चालते ते पाहायला हवे.

माणूस धावतो तेव्हा वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलोचा मुलगा ५ किलोमीटरला सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च करतो. यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाय पुढे टाकण्यात जात नाही, तो उष्णता होऊन अंगातच उरतो. म्हणजे जवळपास २४० किलोकॅलरी. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शेवटच्या रेषेवर पोहोचेपर्यंत त्याच्या अंगाचे तापमान ३७ वरून ४१ च्या पुढे गेलेले असेल. तो शुद्धीवर राहतो, हसत पाणी मागतो, याचे कारण घाम. एक लिटर घाम कातडीवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतो. वरच्या हिशेबाची सगळी उष्णता घामानेच काढायची ठरवली, तरी ४०० मिलिलिटरच्या आसपास घाम पुरतो.

मात्र तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकलेला आणि बनियन पिळून काढलेला घाम अंग गार करत नाही. म्हणून धावणाऱ्याच्या दृष्टीने हवा किती तापली आहे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की हवेत आणखी वाफ घ्यायला जागा किती उरली आहे. जागा कमी असली की शरीर दुसरा उपाय करते. कातडीकडे अधिक रक्त पाठवते. ते रक्त पायांच्या वाट्यातून जाते. हृदय दोन्हीकडे पुरे पडण्यासाठी जोरात धडधडते आणि तरीही वेग उतरतो. हा आळस नव्हे आणि ‘दम कमी पडला’ असेही नव्हे.

हवेतली ती जागा मोजताना बहुतेक जण चुकतात, कारण मोबाईलवर दिसणारा आर्द्रतेचा टक्का फसवा आहे. जानेवारीच्या धुक्यात ९० टक्के आर्द्रता असते आणि मुले मजेत धावतात. जुलैत तेच ९० टक्के जीव काढतात. टक्का सांगतो, हवा त्या तापमानाला जेवढी वाफ धरू शकते त्यातली किती भरली आहे. गार हवा मुळातच थोडी वाफ धरते, त्यामुळे तिचे ९० टक्के म्हणजे फार काही नसते. धावणाऱ्याला उपयोगी पडतो तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतली वाफ दव होऊन बसू लागते तो अंश.

दवबिंदू घरी मोजता येतो. स्टीलचा पेला कोरडा पुसून घ्यावा, त्यात साधे पाणी अर्ध्यावर भरावे आणि थर्मामीटर बुडवावा. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला हवा. आता बर्फाचा लहानसा तुकडा टाकून हळूहळू ढवळत राहावे. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर बोट फिरवत राहावे. ज्या क्षणी चकाकी जाऊन पेला धुरकट दिसू लागतो आणि बोटाची रेघ उमटते, त्या क्षणीचा आकडा लिहून घ्यावा. तोच दवबिंदू. एप्रिलच्या पहाटे यासाठी बर्फाचे बरेच तुकडे लागतात, कारण पाणी १३-१४ अंशांपर्यंत उतरावे लागते. जुलैत पहिलाच तुकडा विरघळण्याच्या आत पेला घामेजतो. हा फरक एकदा हाताने अनुभवला की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रशिक्षकांत एक तक्ता रूढ आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांची नुसती बेरीज करायची, दोन्ही फॅरनहाइटमध्ये. बेरीज १०० किंवा कमी असेल, तर वेळेत काही सूट द्यायची नाही. १२० पर्यंत सूट एक टक्क्यापर्यंत पोहोचते, १३० ला दोन, १४० ला तीन, १५० ला साडेचार, १६० ला सहा, १७० ला आठ आणि १८० ला दहा टक्के. १८० च्या वर जोरात धावूच नये, असे तो तक्ता सांगतो. आपण सेल्सिअसमध्ये मोजतो, म्हणून दोन्ही सेल्सिअस आकड्यांची बेरीज करून तिला १.८ ने गुणायचे आणि ६४ मिळवायचे, की तीच फॅरनहाइटची बेरीज मिळते. हा तक्ता प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नियम नाही. प्रशिक्षकांनी अनुभवातून बसवलेला अंदाज आहे आणि तो सतत, एका दमात धावलेल्या अंतरासाठी आहे. पण त्याची दिशा संशोधनाशी जुळते. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनच्या दहा वर्षांच्या, जवळपास १८ लाख धावपटूंच्या वेळा तपासणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हवामानातल्या इतर सगळ्या घटकांपेक्षा तापमानाचा परिणाम मोठा दिसला.

आता वहीतल्या मुलाकडे परत येऊ. मुलगा समजावण्यासाठी घेतलेला आहे, पण त्याच्या पहाटा बल्लारपुरात भेटतात तशाच आहेत.

जानेवारीत हवा १२ अंश, दवबिंदू ९. बेरीज २१, तिचे फॅरनहाइटमध्ये १०२ होतात. सूट जवळजवळ शून्य. त्याची २२:३० ही वेळ जशी आहे तशी धरायची.

एप्रिलच्या पहाटे हवा २६ अंश, दवबिंदू १३. बेरीज ३९, म्हणजे १३४. सूट दोन ते तीन टक्के. त्याने २३ मिनिटे घेतली, म्हणजे १३८० सेकंद. सूट काढण्यासाठी वेळेला १.०२ ने भागले तर २२:३३ येते, १.०३ ने भागले तर २२:२०. जानेवारीची २२:३० या दोन्हींच्या मधे बसते. निष्कर्ष एवढाच, की एप्रिलमध्ये तो होता तिथेच आहे. घड्याळावर अर्धा मिनिट गेलेले दिसले तरी काही गमावले नाही आणि कमावल्याचा पुरावाही नाही.

जुलैच्या पहाटे हवा पुन्हा २६ अंशच. पाऊस रात्री पडून गेला, आभाळ भरलेले, ऊन नाही. सगळे म्हणतात, आज छान गारवा आहे. दवबिंदू मात्र २४. बेरीज ५०, म्हणजे १५४. सूट साडेचार ते सहा टक्के. त्याची वेळ २२:५०, म्हणजे १३७० सेकंद. साडेचार टक्क्यांनी २१:५१ येते, सहा टक्क्यांनी २१:३२. कमीत कमी सूट धरली तरी तो जानेवारीपेक्षा ३९ सेकंदांनी पुढे आहे. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या धावांत झोप, जेवण, मन यांमुळे एखाद्या टक्क्याचा, म्हणजे १३-१४ सेकंदांचा फरक सहज पडतो. ३९ सेकंद त्याच्या जवळपास तिप्पट आहेत. वही ज्याला पीछेहाट म्हणत होती, ती प्रगती निघाली.

मला या तीन ओळींत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती एप्रिल आणि जुलै यांच्यातली. पारा दोन्ही पहाटे एकाच ठिकाणी आहे. चंद्रपूर जिल्हा उन्हाळ्यासाठी देशभर ओळखला जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपाच्या नावानेच माणसे घरात बसतात. त्यामुळे आपल्या मनात ताप म्हणजे ऊन, आणि पावसाळा म्हणजे सुटका. पहाटेच्या धावण्याला हे लागू पडत नाही. एप्रिलची कोरडी हवा घाम ओढून घेते. जुलैच्या पहाटे, हवा तेवढ्याच अंशांची असताना, कातडीवरून घाम उडण्याची ओढ साधारण एक तृतीयांशाने कमी झालेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘वेळ येईना’ म्हणून सराव सोडणारी मुले नेमकी इथे फसतात. दुपारची गोष्ट निराळी. एप्रिल-मेची दुपार हे धावण्याचे ठिकाणच नव्हे, ती उष्माघाताची वेळ आहे.

तक्त्याची एक मोठी उणीव इथेच सांगायला हवी. त्याला ऊन दिसत नाही. सकाळी आठला सूर्य वर आला की तीच बेरीज वेगळा त्रास देते. त्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांत उष्माघात टाळायला एक निर्देशांक बसवला गेला. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला सात दशांश वजन असते, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला दोन दशांश आणि नुसत्या हवेच्या तापमानाला फक्त एक दशांश. ज्याला आपण ‘आजचे तापमान’ म्हणतो त्याचा हिस्सा सर्वांत कमी आहे. काळा गोळा घरी नसतो, म्हणून साधा नियम असा ठेवावा की तुलना करायच्या सगळ्या धावा सूर्य वर येण्याआधीच्याच असाव्यात.

तक्ता मोठ्या शर्यतीवर लावून पाहू. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस दोह्यात जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन रात्री १२ ला एक मिनिट असताना सुरू केली, तरी हवा ३२-३३ अंश आणि आर्द्रता सत्तरीच्या पुढे होती. दवबिंदू २७ च्या आसपास येतो, बेरीज १७२, सूट आठ ते दहा टक्के. ६८ जणी धावल्या, २८ जणींनी मधेच शर्यत सोडली. विजेतीची वेळ २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद होती. त्याच वर्षी जानेवारीत ती दुबईत २:१७:०८ मध्ये धावली होती. फरक अकरा टक्क्यांहून थोडा अधिक. तक्त्याच्या जवळ, पण थोडा पुढे. अजिंक्यपदाच्या शर्यतीत वेळेसाठी नव्हे तर पदकासाठी धावतात, हेही त्यात आले.

त्याच स्पर्धेत, त्याच शहरात, काही दिवसांनी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावला आणि ८:२१.३७ असा राष्ट्रीय विक्रम केला. दोह्याच्या हवेची सूट या वेळेला द्यायची का? मुळीच नाही, कारण खलिफा स्टेडियम आतून गार केलेले होते. शहराचे नाव पाहून सूट देणारा इथे साफ चुकतो. हवा जिथे धावलो तिथली मोजायची. हवामान खात्याच्या चंद्रपूर केंद्रावरची सकाळची नोंद साडेआठची असते, आणि साडेपाचच्या धावेला ती लावली तर तापमान जास्त येईल. पेला आणि थर्मामीटर म्हणूनच रस्त्याच्या कडेला न्यावा.

साबळेच्या शर्यतीतून आणखी एक मुद्दा निघतो. ती आठ-साडेआठ मिनिटांत संपते. उष्णता साठायला वेळ लागतो. पोलीस भरतीचे १६०० मीटर पाच-सहा मिनिटांत होतात, तेवढ्यात अंग फारसे तापत नाही. तिथे वरचा तक्ता पूर्ण लावला, तर न झालेली प्रगती दिसेल. उलट तीन तास धावणाऱ्याला तो अपुरा पडेल. मॅरेथॉनवरच्या संशोधनात हळू धावणाऱ्यांना उष्णतेचा फटका अधिक बसलेला दिसतो.

मग मुलगा उकाड्याने मंदावला की खरेच ढेपाळला, हे कसे ओळखायचे? प्रत्येक किलोमीटरची वेळ वेगळी लिहून. उकाडा सुरुवातीला काही करत नाही. पहिला किलोमीटर जानेवारीइतकाच किंवा त्याहून जलद जातो, तिसऱ्यापासून वेळ सरकू लागते, पाचव्याला सर्वाधिक. छातीचे ठोकेही तशाच पायऱ्या चढतात, वेग तोच असूनही. पहिलाच किलोमीटर मंद गेला असेल, तर दोष हवेचा नाही. झोप, आजार, रक्त कमी असणे किंवा अतिसराव यांपैकी काहीतरी शोधावे. आपल्या भागात हिवताप आणि रक्तक्षय हे दोन्ही आहेत, त्यामुळे ‘उकाडा आहे’ म्हणून अशा वेळेला सूट देणे धोक्याचे ठरू शकते.

शरीर सवयही करून घेते. गरम हवेत रोज धावले तर दहा-चौदा दिवसांत रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटी तक्ता एकच सूट देतो, शरीर मात्र तेच राहिलेले नसते. म्हणून ऑगस्टअखेरच्या धावेला सूट पट्ट्याच्या खालच्या टोकाची द्यावी. कुठले टोक घ्यायचे हे धावण्याआधी वहीत लिहून ठेवावे. वेळ पाहून मग टक्का निवडला की मन नेहमी मोठाच टक्का निवडते.

उंचीचा हिशेब बल्लारपुरात करावा लागत नाही. गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहूनही खाली आहे. तो लागतो मुले बाहेर जातात तेव्हा. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. ५ किलोमीटरला साधारण एक टक्क्याचा तोटा धरावा. तेरा-चौदा सेकंद, म्हणजे दिवसागणिक पडणाऱ्या फरकाएवढेच. तेव्हा चिखलदऱ्याच्या शिबिरातली वेळ थोडी कमी भरली तर घाबरू नये, आणि तिथला गारवा उंचीचा तोटा भरून काढतो हेही ध्यानात ठेवावे. लेहच्या ३५०० मीटरवर मात्र कुठलाही तक्ता विश्वासाने लावता येत नाही, तिथे माणसामाणसात फार अंतर पडते.

उंचीचे दोन तोंडी रूप १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. शहर २२४० मीटरवर आहे. १०,००० मीटरची शर्यत २९:२७.४ मध्ये जिंकली गेली, जेव्हा जागतिक विक्रम २७:३९.४ होता. तो विक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. पहिल्या दोन जागा केनियाच्या नफ्ताली तेमू आणि इथिओपियाच्या मामो वोल्डे यांनी घेतल्या, दोघेही उंचावरच्या देशांतले. त्याच मैदानावर विरळ हवेत अडथळा कमी म्हणून १०० मीटर ९.९५ सेकंदांत धावले गेले आणि बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. उंचीची सूट म्हणूनच लांब पल्ल्याला मिळते आणि छोट्या पल्ल्याला उलट कापावी लागते. १००० मीटरहून उंच ठिकाणच्या छोट्या पल्ल्याच्या वेळांपुढे जगभर ‘उंची’ची खूण केली जाते, वेळ मात्र बदलली जात नाही.

भरतीतही वेळ बदलली जात नाही. २०२४ ची पोलीस भरतीची मैदानी चाचणी १९ जूनला, पावसाच्या तोंडावर सुरू झाली, आणि गुण घड्याळातल्या वेळेवरच होते. सुटीचा हिशेब गुण मिळवण्यासाठी नाही, सराव बरोबर चालला आहे की नाही हे कळण्यासाठी आहे.

तो हिशेब बरोबर होता का, याची परीक्षा शेवटी थंडी घेते. वहीतल्या मुलाने जुलैतच लिहून ठेवावे, की डिसेंबरात २१:३२ ते २१:५१ च्या दरम्यान वेळ आली पाहिजे. सराव तसाच चालू असताना डिसेंबरच्या पहाटे २२:१५ आली, तर जुलैची सूट त्याच्यासाठी जास्त होती, पुढच्या वर्षी ती अडीच टक्क्यांच्या आसपास आणावी. अशा दोन पावसाळ्यांनंतर परदेशी तक्त्याची गरज उरत नाही, त्याचा स्वतःचा तक्ता तयार झालेला असतो. बल्लारपूर-चंद्रपूर-गडचिरोलीत मुलांना धावायला शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, की वहीत वेळेशेजारी तापमान आणि दवबिंदू असे आणखी दोन रकाने आखा, आणि जुलैतल्या वेळेवरून कोणत्याही मुलाला डिसेंबरच्या आधी घरी पाठवू नका.